कंपनीने अनेक कर्मचाऱ्यांची फी एकत्र भरली: पावती आणि टॅक्स इन्व्हॉइसचे नेहमीचे घोळ आणि त्यांवरचे उपाय

परिषद पार पडते, हॉलचं भाडं चुकतं होतं, आणि मग एखाद्या कंपनीच्या अकाउंट्समधून मेल येतो: "आमच्या आठ जणांची फी भरली, पण तुमचं इन्व्हॉइस आमच्या टू-बीमध्ये दिसत नाही." टू-बी म्हणजे जीएसटी पोर्टलवर कंपनीला दर महिन्याला दिसणारं खरेदीच्या कर-क्रेडिटचं विवरण. दुसरी कंपनी कळवते की बिल 70,800 चं आहे पण आम्ही 64,800 भरले, तर पावती 64,800 चीच द्या. तिसरीला आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी, हवा असतो. वरवर तीन वेगळ्या तक्रारी, पण त्या बहुतेक एकाच ठिकाणी उगवतात. नोंदणीचा फॉर्म एकेका माणसासाठी बनवलेला असतो आणि पैसे कंपनीकडून येतात.

खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतलं आहे. पुण्यात दोन दिवसांची तांत्रिक परिषद, आयोजक संस्थेची जीएसटी नोंदणी महाराष्ट्रातली. फी माणशी 7,500 रुपये, वर 18 टक्के जीएसटी. बेंगळुरूच्या एका कंपनीने आठ जण पाठवले. म्हणजे मूळ रक्कम 60,000, कर 10,800, एकूण 70,800. (आयोजकाची जीएसटी नोंदणीच नसेल तर कर लावायचा नाही आणि टॅक्स इन्व्हॉइसही द्यायचं नाही, साधी पावती पुरते.)

कंपनीऐवजी आठ जणांच्या नावाने आठ बिलं निघाली

ओळखायची खूण सोपी आहे. तुमच्या विक्रीच्या यादीत 8,850 ची आठ बिलं लागोपाठ, सगळी व्यक्तींच्या नावे, जीएसटीआयएनचा रकाना रिकामा. आणि बँकेत मात्र एकच एनईएफटी. फॉर्ममध्ये "सहभागीचं नाव" हाच रकाना "बिल कोणाच्या नावे" म्हणूनही वापरला गेला की असं होतं. ही बिलं जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये, बी-टू-सी म्हणजे नोंदणी नसलेल्या ग्राहकांची विक्री म्हणून जातात, म्हणून कंपनीच्या टू-बीमध्ये त्यांचा मागमूस लागत नाही. कंपनी खोटं बोलत नाहीये.

दुरुस्ती कशी करायची ते जीएसटीआर-1 भरून झाला आहे की नाही यावर ठरतं. महिन्याचा रिटर्न अजून भरलेला नसेल तर आठही बिलं रद्द करा आणि कंपनीच्या नावे एकच बिल काढा. रद्द झालेले नंबर पुन्हा वापरू नका. टेबल 13 मध्ये त्या मालिकेतले किती नंबर रद्द झाले ते दाखवायचं असतं, तिथे ते आठ दाखवा.

रिटर्न गेला असेल तर जुनी बिलं मागच्या तारखेने बदलण्याच्या फंदात पडू नका. प्रत्येक बिलापुढे एक याप्रमाणे आठ क्रेडिट नोटा काढा. त्या चालू महिन्याच्या बी-टू-सी आकड्यातून, म्हणजे टेबल 7 मधून वजा होतात. त्याच महिन्यात कंपनीच्या नावे आजच्या तारखेचं नवीन बिल काढून ते टेबल 4ए मध्ये घ्या. एकीकडे 60,000 वजा, दुसरीकडे 60,000 जमा; कराचा बोजा शून्य, बँकेत काहीच हलत नाही. पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत तुमचा मासिक रिटर्न गेला की 14 तारखेच्या टू-बीमध्ये कंपनीला बिल दिसतं. कंपनीला हे तारखेसकट कळवा, म्हणजे रोजचे फोन थांबतात. क्रेडिट नोटेची कायदेशीर मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक रिटर्न त्याआधी भरला असेल तर तो भरल्याच्या तारखेपर्यंतच. डिसेंबरात जाग आलेल्या कंपनीसाठी मग फारसं काही करता येत नाही.

वार्षिक उलाढाल 5 कोटींच्या वर गेलेल्या आयोजकाला बी-टू-बी बिलासाठी ई-इन्व्हॉइस लागतं. तिथे आयआरएन, म्हणजे पोर्टलने दिलेला ई-इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक, निघाल्यावर रद्द करायला फक्त 24 तास मिळतात. त्यानंतर चूक सापडली तर क्रेडिट नोटच.

पुढच्या वेळी हे टाळायचं तर फॉर्ममध्ये पहिला प्रश्न "फी कोण भरणार, तुम्ही की कंपनी?" असा ठेवा. उत्तर कंपनी असेल तर एकच "बिलाचा पत्ता" भाग उघडावा: कायदेशीर नाव, जीएसटीआयएन, पत्ता, पर्चेस ऑर्डर क्रमांक, अकाउंट्सचा ईमेल. एचआरमधल्या माणसाला जीएसटीआयएन तोंडपाठ नसतो. तो सहीखालून कुठलातरी उचलून टाकतो. म्हणून जीएसटी पोर्टलवर नंबर टाकून नाव जुळतं का आणि नोंदणी चालू आहे का ते बिल काढण्याआधी पाहा. पहिले दोन अंक राज्याचे: 27 महाराष्ट्र, 29 कर्नाटक, 30 गोवा. पत्ता बेंगळुरूचा आणि नंबर 27 ने सुरू, असं दिसलं की तिथेच थांबून विचारा.

सहभागींची नावं बिलाच्या ओळीत लिहू नका. ओळीत "परिषद नोंदणी शुल्क, 8 सहभागी, दर 7,500" एवढंच. नावं सोबतच्या यादीत, जिच्यावर बिल क्रमांक आहे. याचा फायदा पुढे माणूस बदलला की कळतो.

आठही जण कंपनीत खर्च दाखवायला स्वतःच्या नावाची पावती मागतात, त्यांना ती देऊ नका. पैसे त्यांनी दिलेले नाहीत. त्यांना नोंदणी पक्की झाल्याचं पत्र द्या आणि त्यात "शुल्क कंपनीकडून, इन्व्हॉइस क्रमांक अमुक" असं लिहा. रकमेचा दुसरा कागद फिरू लागला की एकाच फीचे दोन दावे होतात, आणि प्रश्न तुम्हालाच येतात.

बिल एका रकमेचं, बँकेत दुसरीच

64,800 आले. इथे हमखास होणारी चूक म्हणजे अकाउंटंट आलेल्या पैशाला करासहित रक्कम समजतो आणि 1.18 ने भागून मूळ रक्कम 54,915 काढतो. असं नवीन बिल निघालं की कर कमी भरला जातो आणि कंपनीच्या पुस्तकाशी ते कधीच जुळत नाही.

बिल 70,800 चंच राहतं. फरक टीडीएसचा आहे. कंपनीने तो कापून तुमच्या पॅनवर सरकारजमा करायचा असतो. तुमच्या दृष्टीने तो मिळालेला पैसाच आहे. जीएसटी बिलात वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवर कापायचा, कराच्या रकमेवर नाही, हे सीबीडीटीच्या 2017 च्या परिपत्रक क्रमांक 23 मध्ये आहे. म्हणून 60,000 चे 10 टक्के, 6,000, कापले आणि 64,800 आले. काही कंपन्या ही फी व्यावसायिक सेवा समजून 10 टक्के कापतात, काही कंत्राट समजून 2 टक्के. कोणी काय कापलं हे विचारत बसण्याआधी आलेल्या रकमेला बिलातल्या मूळ रकमेने भागून बघा:

```
आलेली रक्कम / मूळ रक्कम
1.18    पूर्ण रक्कम आली
1.16    मूळ रकमेवर 2%
1.08    मूळ रकमेवर 10%
1.1564  करासहित रकमेवर 2%
1.062   करासहित रकमेवर 10%
```

64,800 भागिले 60,000 म्हणजे 1.08, प्रश्न मिटला. 63,720 आले असते तर 1.062, म्हणजे कंपनीने जीएसटीवरही टीडीएस कापला. तो परत मागत बसण्यापेक्षा 7,080 चं क्रेडिट तुमच्या नावावर येतंय ना एवढं पाहा. पैसा बुडालेला नाही, फक्त उशिरा हाती येणार. या पाचांपैकी कशातच न बसणारा आकडा आला, तर बहुधा कंपनीने सातच जणांचे पैसे भरलेत किंवा लवकर नोंदणीचा दर धरलाय. उदाहरणार्थ सात जणांचे 10 टक्के कापून 56,700 येतात, ते 60,000 ने भागले तर 0.945. तेव्हा माणसं कमी करून पुन्हा भागा: 52,500 ने भागल्यावर 1.08 निघतं.

पावतीवर तीन ओळी हव्यात: बँकेत जमा 64,800, कापलेला टीडीएस 6,000, एकूण 70,800 बिल क्रमांक अमुकपोटी. शिवाय यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक. टीडीएसची ओळ "प्रमाणपत्राच्या अधीन" असं लिहून द्या. कंपनीने तिमाही विवरण भरल्यावर ती रक्कम प्राप्तिकराच्या पोर्टलवर तुमच्या नावे दिसते, तोवर ती येणे बाकीत उभी ठेवायची. कंपनीने चुकीच्या पॅनवर भरली तर ती कधीच दिसत नाही, म्हणून बिलावर पॅन ठळक छापा.

"आम्हाला आयजीएसटी लावा"

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, आणि चिडणाऱ्या माणसाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर असतं. बेंगळुरूच्या कंपनीला महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला तर त्याचं क्रेडिट तिच्या कर्नाटकच्या नोंदणीत वापरता येत नाही. 10,800 तिच्या खर्चात जातात. पण म्हणून आयोजकाने आयजीएसटी लावून द्यायचा नसतो.

प्लेस ऑफ सप्लाय, म्हणजे सेवा कुठे पुरवली असं कायदा धरतो ती जागा, ठरते आयजीएसटी कायद्याच्या कलम 12 नुसार. शैक्षणिक, वैज्ञानिक वगैरे कार्यक्रमाच्या प्रवेशाला, पोटकलम 6 प्रमाणे, कार्यक्रम जिथे प्रत्यक्ष भरतो ती जागा धरतात; घेणारा नोंदणीकृत असला तरी फरक पडत नाही. परिषद पुण्यात, आयोजक महाराष्ट्रात, म्हणून 5,400 सीजीएसटी आणि 5,400 एसजीएसटी. प्रशिक्षणाचं मात्र वेगळं: पोटकलम 5 प्रमाणे घेणारा नोंदणीकृत असेल तर त्याचं ठिकाण धरतात. त्याच आठ जणांसाठी तुम्ही अभ्यासक्रम ठरवून प्रशिक्षण घेतलं तर बेंगळुरूचा पत्ता लागू होतो आणि आयजीएसटी 10,800 लागतो.

मग माहितीपत्रकावर "परिषद" आणि कंपनीच्या आग्रहाखातर बिलावर "ट्रेनिंग" असं लिहिण्याचा मोह होतो. ते करू नका. अधिकारी बिलाआधी वेबसाइट उघडून बघतो. खुली कार्यशाळा नेमकी कशात बसते यावर मतभेद होऊ शकतात, तो निर्णय सीएकडून नोंदणी सुरू होण्याआधी घ्या, सगळ्यांना एकच लावा, आणि फीच्या तक्त्याखाली छापा: "पुण्यात भरणाऱ्या परिषदेसाठी सीजीएसटी व एसजीएसटी लागू, इतर राज्यांतील नोंदणीला त्याचे क्रेडिट मिळत नाही." ही ओळ आधी वाचलेली कंपनी नंतर भांडत नाही.

कधी कधी चूक माणसाची नसते, सॉफ्टवेअरची असते. पार्टी मास्टरमध्ये जीएसटीआयएन 29 ने सुरू होतो, सॉफ्टवेअर त्यावरून प्लेस ऑफ सप्लाय कर्नाटक धरतं आणि आपोआप आयजीएसटी लावतं. परिषदेच्या बिलासाठी तो रकाना हाताने महाराष्ट्र (27) करावा लागतो. मग बिल बी-टू-बी असतं, घेणाऱ्याचा नंबर 29 चा आणि प्लेस ऑफ सप्लाय 27. कंपनीच्या टू-बीमध्ये ते "क्रेडिट उपलब्ध नाही" या भागात दिसतं. कंपनी म्हणते दिसत नाही, कारण ती वरचाच भाग पाहते. तिला खालचा भाग बघायला सांगा.

त्या कंपनीची महाराष्ट्रातही नोंदणी असेल, आणि लोक खरोखर तिथल्या कचेरीतून येत असतील, तर 27 च्या नंबरवर बिल घेतल्यावर क्रेडिट मिळतं. कोणती नोंदणी ते कंपनीने लेखी कळवायचं. आपण सुचवून बिल फिरवायचं नाही. आणि सहभागी हिंजवडीसारख्या ठिकाणच्या सेझ युनिटचे असतील तर पुण्याहून पुण्यात दिलेली सेवाही आंतरराज्य धरली जाते. तिथे आयजीएसटी लावून बिल द्या, किंवा कर न भरता सेवा पुरवण्याचं चालू वर्षाचं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, भरलेलं असेल आणि ही सेवा युनिटच्या मंजूर कामकाजासाठी असल्याचं त्यांनी कळवलं असेल तर कर न लावता.

चुकून आयजीएसटी भरून बसलात तर तो आपोआप सीजीएसटी-एसजीएसटीत वळत नाही. बरोबर कर स्वतंत्रपणे भरून चुकीच्या कराचा परतावा मागावा लागतो. व्याज लागत नाही, पण तेवढे पैसे मधल्या काळात अडकतात.

पैसे आले, कोणाचे ते कळत नाही

सेवेच्या बाबतीत आगाऊ रक्कम आली की तिच्यावर जीएसटी लागू होतो, परिषद कधी का असेना. मार्चच्या 28 ला 64,800 आले, बिलाचा तपशील एप्रिलात मिळाला, आणि मधल्या काळात रक्कम "सस्पेन्स"मध्ये पडून राहिली, तर मार्चचा कर राहिला.

याचा सोपा उपाय म्हणजे पैसे आले त्याच महिन्यात टॅक्स इन्व्हॉइस काढून मोकळं व्हायचं. सेवा देण्याआधी इन्व्हॉइस काढायला कायद्याची आडकाठी नाही. कंपनीला क्रेडिट परिषद झाल्यावरच घेता येतं, पण तो तिचा हिशेब. महिनाअखेरपर्यंत तपशील मिळालाच नाही, तर पावती व्हाउचर काढा आणि रक्कम जीएसटीआर-1 च्या टेबल 11ए मध्ये दाखवा. टीडीएस माहीत नसल्यामुळे आलेली रक्कम करासहित धरायची: 64,800 मध्ये कर 9,884.75. परिषद पुण्यातच आहे, त्यामुळे तो सीजीएसटी-एसजीएसटी असा निम्मा-निम्मा. पुढच्या महिन्यात खरं बिल 70,800 चं निघालं की टेबल 11बी मधून आगाऊ कर वजा करून उरलेले 915.25 भरायचे.

प्रोफॉर्मा यात कुठेच बसत नाही. कंपनीची पर्चेस ऑर्डर निघावी म्हणून ती द्यावी लागते, पण जीएसटीच्या दृष्टीने तो दरपत्रकासारखा कागद. तिला वेगळी मालिका ठेवा आणि वर मोठ्या अक्षरात "हे टॅक्स इन्व्हॉइस नाही" छापा. कंपन्या प्रोफॉर्माच खात्यात घेतात आणि नंतर खऱ्या बिलाला "डुप्लिकेट" म्हणून परत पाठवतात. खऱ्या बिलाचा नंबर 16 अक्षरांच्या आत असावा, त्यात हायफन आणि तिरकी रेघ चालते. "परिषदेचं संक्षिप्त नाव, वर्ष, शहर, क्रमांक" असं सगळं कोंबलं की पोर्टल नंबर नाकारतं.

पैसे ओळखायला यूटीआर पुरत नाही, कारण कंपनीच्या प्रणालीतून शेऱ्यात तुमचा संदर्भ क्वचितच येतो. प्रोफॉर्मावरच लिहा की रक्कम पाठवल्याच्या दिवशी पेमेंट अॅडव्हाइस अमुक ईमेलवर पाठवावा. त्या कागदावर टीडीएसची रक्कमही असते, मग वरचा भागाकारही करावा लागत नाही.

एक माणूस बदलला, एक गळाला

बदलीचा माणूस आला तर बिलाला हात लावायचा नाही. सोबतच्या यादीची सुधारित प्रत त्याच बिल क्रमांकाने पाठवा. नावं बिलाच्या ओळीत छापली असती तर इथे क्रेडिट नोट आणि नवीन बिल, दोन्ही करावं लागलं असतं.

माणूस गळाला तर क्रेडिट नोट लागते, पण किती रुपयांची ते रद्द करण्याच्या नियमावर ठरतं. समजा 1,500 राखून बाकीचे परत देण्याचा नियम आहे. राखलेली रक्कम त्याच सेवेचा भाग धरली जाते आणि तिच्यावरही 18 टक्के लागतात. म्हणून क्रेडिट नोट 6,000 अधिक 1,080, म्हणजे 7,080 ची. नोटेवर मूळ बिलाचा क्रमांक आणि तारीख हवी.

परत किती पाठवायचे यावर हमखास गोंधळ होतो, कारण कंपनीने त्या 6,000 वरही 600 टीडीएस कापलेला असतो. टीडीएस तुमच्या नावावर जमा झाला असेल तर 600 तुमच्याकडे आले आहेत, म्हणून पूर्ण 7,080 परत करा. कंपनीने तेवढा टीडीएस अजून भरलेला नसेल किंवा दुरुस्त केला असेल, तर 6,480. पोर्टलवर आकडा पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नका.

क्रेडिट नोट कंपनीने आयएमएसमध्ये, म्हणजे पोर्टलवर आलेली बिलं आणि नोटा स्वीकारण्या-नाकारण्याच्या सोयीत, स्वीकारली की नाही तेही बघा. तिने ती नाकारली तर कमी केलेला 1,080 चा कर पुन्हा तुमच्या अंगावर येतो. बेंगळुरूच्या उदाहरणात मात्र प्लेस ऑफ सप्लायमुळे क्रेडिटच मिळत नाही, आणि असे कागद आयएमएसमध्ये येत नाहीत, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही. क्रेडिट घेणाऱ्या कंपनीला नोटेच्या मेलमध्येच लिहा: "कृपया आयएमएसमध्ये स्वीकारा, नोट स्वीकारल्यानंतर रक्कम परत केली जाईल."